पहिला पगार की एमबीए?

"ताई, बी.कॉम. झालं. इथेच इंदूरमध्ये एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात २२ हजारांची नोकरी मिळतेय आणि एका खासगी कॉलेजात एमबीएला प्रवेशही. फी आठ लाख, कर्ज काढावं लागेल. बाबा म्हणतात, एकदा पगाराची सवय लागली की मुलं पुस्तक हातात धरत नाहीत. मी काय करू?"

रामबागेतल्या माझ्या खोलीत ती बाबांना घेऊनच आली होती. कॉलेजचं चकचकीत माहितीपत्रक टेबलावर ठेवलेलं, त्यावर 'सर्वाधिक पॅकेज' ठळक अक्षरांत. मी ते पालथं घातलं आणि मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला.

चार लाख पहिल्या वर्षी, चार दुसऱ्या वर्षी. व्याज साडेदहा टक्के धरलं. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, म्हणून घरचे निश्चिंत असतात. पण व्याज त्या काळातही चढतच असतं. पहिल्या चार लाखांवर तीन वर्षांचं, पुढच्या चारांवर दोन वर्षांचं, मिळून दोन लाख दहा हजार. ते मुद्दलात जातं. म्हणजे फेड सुरू होते ती दहा लाख दहा हजारांपासून, आणि सात वर्षांसाठी महिन्याचा हप्ता येतो जवळपास १७ हजार.

बाबांनी चष्मा काढून तो आकडा पुन्हा वाचला.

"आता हा हप्ता भरायला पगार किती लागेल ते शोध," मी तिला म्हटलं. सर्वाधिक पॅकेज एकाच मुलाचं असतं. विचारायचं ते हे, की वर्गातल्या मधल्या मुलाला किती मिळाले, किती जणांना नोकरीच लागली नाही, आणि काम कसलं होतं. कॉलेजनं गोल गोल उत्तर दिलं. मग तिनं गेल्या वर्षी तिथून बाहेर पडलेल्या दोघींना गाठलं. एकीला वर्षाला ३.६ लाख, दुसरीला ४, दोघीही विक्रीच्या कामात. ३.६ लाखांतून हातात पडतात २७-२८ हजार. त्यातून १७ हजार गेले तर परगावी खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही.

तरीही '२२ हजार मिळतायत, घे नोकरी' असं मी लगेच म्हटलं नाही. ही नोकरी काही शिकवणार आहे का, ते बघायचं होतं. तिला कंपनीत एकच प्रश्न विचारायला पाठवलं: पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडे कुठलं काम असेल? नुसती बिलं टंकायची असती तर मी नको म्हटलं असतं, कारण दोन वर्षांनी ती तिथेच राहिली असती. उत्तर आलं की पुरवठादारांची बिलं खरेदीच्या नोंदींशी ताडायची, जीएसटीआर-२बी हे जीएसटीचं विवरण आलं की खरेदीवर भरलेल्या कराचं कोणतं इनपुट क्रेडिट जुळत नाही ते शोधायचं, टीडीएस बघायचा. न जुळणारं बिल का जुळत नाही हे शोधता शोधता धंदा समजतो. हे वर्गात येत नाही.

बाबांची भीती मात्र खोटी नव्हती. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत राहिलेली मुलं मी खूप पाहिली आहेत. जी परत शिकायला जातात त्यांनी नोकरी धरतानाच तारीख ठरवलेली असते. कॅट ही एमबीएची प्रवेशपरीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी होते, अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरायचा असतो आणि गुण फक्त पुढच्या वर्षीच्या प्रवेशाला चालतात. म्हणून ठरलं ते असं: जुलैत रुजू व्हायचं, यंदाची कॅट सरावासाठी द्यायची, खरी पुढच्या नोव्हेंबरात. घरी राहून महिन्याला आठ हजार बाजूला टाकले तर दोन वर्षांत एक लाख ब्याण्णव हजार होतात. तेवढीच फी असली तर कर्ज सहा लाखांवर येतं आणि हप्ता पावणेतेरा हजारांवर. शिवाय कामाच्या अनुभवाला बऱ्याच संस्था प्रवेशाच्या वेळी गुण देतात.

हेच एमबीए विद्यापीठाच्या विभागात थोड्या फीत मिळत असतं, किंवा तिला प्राध्यापक व्हायचं असतं, तर मी उलट सांगितलं असतं. तिथे थांबून काही मिळत नाही. इथे दोन वर्षं थांबणं तिला परवडणारं होतं.

निघताना बाबांनी ते पान घडी करून खिशात ठेवलं. "मॅडम, पण ही अर्ज भरेल ना?"

"तो तुम्ही शेजारी बसून भरून घ्या," मी म्हटलं.

सप्टेंबरात त्यांचा फोन आला, अर्ज गेला म्हणून. पहिल्या नोव्हेंबरात गणितानं तिला मागे ओढलं. आता रविवारी ती भंवरकुव्याच्या क्लासला जाते आणि बाबा स्कूटरवरून सोडायला जातात.