गच्चीच्या स्लॅबची भेग: इपॉक्सी की खाच करून सीलंट?

प्रश्न: सांगलीत आमच्या घराच्या गच्चीवर लांब भेग पडली आहे, पावसाळ्यात खाली ओल येते. मिस्त्री इपॉक्सी इंजेक्शन सुचवतो. करावे का?

उत्तर: आधी भेग हलते आहे का ते पाहावे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा करून त्यांमधले अंतर पहाटे आणि भर दुपारी, असे काही आठवडे मोजावे. सांगलीच्या उन्हात उघडा स्लॅब दिवसा प्रसरण पावतो व रात्री आकुंचतो, म्हणून गच्चीवरच्या भेगा बहुधा हलत्या असतात.

हलत्या भेगेत इपॉक्सी भरल्यास ती जागा घट्ट सांधली जाते, पण हालचाल थांबत नाही आणि शेजारीच नवी भेग पडते. तुमच्या खुणांमधले अंतर बदलत असेल, तर भेगेवर ग्राइंडरने साधारण १० ते १२ मिमी रुंद व तितकीच खोल खाच कापावी, धूळ काढून ती पूर्ण कोरडी करावी, तळाशी न चिकटणारी पट्टी ठेवावी आणि वर पॉलियुरेथेन सीलंट भरावे. ही पट्टी मिस्त्री हमखास गाळतात. परंतु सीलंट तळालाही चिकटले, तर ते मोकळेपणाने ताणले न जाता फाटते.

अंतर स्थिर असेल आणि भेग तुळईत किंवा स्लॅबच्या आरपार असेल, तर मात्र इपॉक्सीच योग्य, कारण खाच भरल्याने ताकद परत येत नाही. भेग सळईच्या रेषेत असून गंजाचे डाग दिसत असतील, तर दोन्ही उपाय निरुपयोगी आहेत. तेथे सैल काँक्रीट फोडून सळईच साफ करावी लागते.