कोर्स ठरला नसताना एसओपीचं काय लिहायचं?

"मॅडम, एसओपीचा एक कच्चा मसुदा करून द्या ना. कोर्स अजून ठरला नाही, अचिव्हमेंट म्हणावं असं काही नाही आणि शब्दमर्यादा नंतर बघू. नावं-बिवं मी भरून घेईन."

एसओपी म्हणजे 'हाच कोर्स का' हे सांगणारा, प्रवेशाच्या अर्जासोबतचा निबंध. आत्ता तो पूर्ण होणार नाही. त्यातला एक भाग मात्र आजही लिहिता येतो, आणि सुरुवात तिथूनच करावी. तो कुठला, हे एका मुलीच्या उदाहरणावरून सांगते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ती स्थापत्य अभियंता होती आणि एका सल्लागार कंपनीत नोकरी करत होती. मित्राचा एसओपी नमुना म्हणून घेऊन आली होती. 'लहानपणापासून पुलांचं आकर्षण' अशी त्याची सुरुवात. तिचा पुलांशी काडीचा संबंध नव्हता!

कोर्सचं नाव न काढता मी तिला विचारलं, "कामात शेवटचं कधी अडलं होतं?" बराच वेळ आढेवेढे घेतल्यावर तिने एका पावसाळी गटाराची गोष्ट सांगितली. अशा गटाराचा पाइप ठरवताना, पाणी टोकापर्यंत पोहोचायला लागतो तेवढ्या वेळातल्या पावसाची तीव्रता धरतात. तिथे तो वेळ जेमतेम वीस मिनिटांचा होता. ऑफिसात वापरात असलेला तक्ता मात्र दिवसभराच्या पावसावरून काढलेला होता. दिवसाची सरासरी घेतली की मधली जोरदार सर हरवते. तिने जवळच्या केंद्राच्या तासावारी नोंदी मिळवून हिशोब पुन्हा केला आणि पाइप ६०० वरून ७५० मिलिमीटरवर गेला. वरिष्ठांनी तेवढ्या एका गटारापुरता बदल मान्य केला, बाकीची जुन्याच तक्त्यावर राहिली.

"पण मॅडम, हे तर रोजचं काम. अचिव्हमेंट कुठे आहे यात?" असं तीच म्हणाली. पदक किंवा पहिला नंबर असेल तर तो बायोडेटात दिसतोच. एसओपी वाचणाऱ्याला बघायचं असतं की तुम्हाला प्रश्न दिसतो का आणि दिसल्यावर तुम्ही काय करता. बाकीची गटारं तशीच राहिली, हेही मी तिला लिहायला लावलं. अर्धवट यश खरं वाटतं, आणि पुढे काय शिकायचंय त्याची वाट तिथूनच निघते.

तो परिच्छेद तिने स्वतः लिहिला. मी फक्त प्रश्न विचारले आणि खोडलं. मजकूर स्वतःचाच असल्याचं अनेक ठिकाणी लिहून द्यावं लागतं, आणि मुलाखत झाली तर त्याच गटारावर प्रश्न येणार. त्या वेळी माझी भाषा तिच्या काय उपयोगाची?

परिच्छेद कागदावर उतरला तेव्हा संरचना अभियांत्रिकीचा तिचा विचार आपोआप मागे पडला. ती जलविज्ञानाचे कोर्स बघू लागली. त्यातले दोन तिला आवडले, एक विषय शिकवण्यावर भर देणारा आणि दुसरा प्रबंधाचा. इथे नुसती नावं भरून भागत नाही. पहिल्यासाठी तिने लिहिलं की तासावारी नोंदींवरून वीस मिनिटांची तीव्रता तिने अंदाजाने धरली होती. त्यामागचं संख्याशास्त्र तिला येत नाही, आणि अभ्यासक्रमातला अमुक विषय ते शिकवतो. दुसऱ्यासाठी तोच प्रसंग प्रश्न होऊन आला: कमी कालावधीच्या नोंदीच नसतील तिथे तीव्रता कशी ठरवावी? त्यावर काम करणारा प्राध्यापक तिथे आहे का, हेही तिला शोधावं लागलं. गटार एकच, पण पुढची अर्धी पानं पूर्ण वेगळी.

शब्दमर्यादा नंतर बघितली तरी चालते, पण फार नंतर नको. तिच्या एका अर्जात १००० शब्द चालत होते, दुसऱ्यात ५००. कापताना आधी बालपण गेलं, मग विद्यापीठाची स्तुती, मग बायोडेटाची पुनरावृत्ती. गटाराचा प्रसंग पाच-सहा वाक्यांवर आला. 'हाच कोर्स का' हा भाग जवळजवळ तसाच ठेवला. लोक नेमका उलटा कापतात.

काही ठिकाणी तर साचाच वेगळा असतो. ब्रिटनमध्ये पदवीसाठी यूकॅसमार्फत अर्ज करताना मर्यादा शब्दांची नसते, स्पेस धरून ४००० कॅरेक्टर्सची असते, आणि २०२६च्या प्रवेशापासून मजकूर तीन वेगळ्या प्रश्नांखाली लिहावा लागतो. सलग निबंध तयार करून ठेवला असेल तर तो तिथे मोडूनच बसवावा लागेल.

तुम्ही येताना मित्राचा एसओपी आणू नका. काम, प्रकल्प किंवा अभ्यासातला अडलेला एक प्रसंग जमेल तसा, मराठीत लिहिलात तरी चालेल, पण आकड्यांसह लिहून आणा. सोबत जे दोन-तीन कोर्स निदान मनात घोळताहेत, त्यांची अभ्यासक्रमाची पानं आणि अर्जातला एसओपीचा मूळ प्रश्न जसाच्या तसा घेऊन या.