मोलॅलिटी १० का चूक?

९८% सल्फ्युरिक आम्ल, घनता १.८४. मोलॅरिटी १८.४ जमली, मोलॅलिटी १० आली. सर चूक म्हणतात. का?

तू १८.४ ला १.८४ किलोने भागलंस, म्हणजे अख्ख्या द्रावणाने. भागायचं फक्त पाण्याने. लातूरला शिकवताना ही चूक मला दरवर्षी दिसते.

एक लिटर घे: १८४० ग्रॅम. त्यात आम्ल १८०३.२ ग्रॅम, भागिले आम्लाचं मोलर वस्तुमान ९८ म्हणजे १८.४ मोल. उरलं पाणी जेमतेम ३६.८ ग्रॅम, चहाचा अर्धा कपही नाही! म्हणून मोलॅलिटी १८.४ ÷ ०.०३६८ = ५००.

पाण्याचे मोल २.०४, म्हणून आम्लाचा मोल अपूर्णांक १८.४ ÷ २०.४४, म्हणजे ०.९०.

घनता फक्त मोलॅरिटीला लागते. बाकी दोन्ही १०० ग्रॅम द्रावण धरूनही निघतात. ताळा तसाच कर.