स्कॅन केलेल्या बिलांतील चुका विवरणपत्रापूर्वी पकडणे

«भोसरीत आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. खरेदीची बिले स्कॅन करून सॉफ्टवेअरने एक्सेलमध्ये उतरवतो, पण मधूनच एखादा आकडा चुकतो. सगळी बिले पुन्हा डोळ्यांखालून न घालता चुका कशा सापडतील?»

रकमांच्या चुका बहुतेक वेळा बिलातल्याच इतर आकड्यांवरून उघड होतात, त्यामुळे आधी तिथून सुरुवात करावी. समजा, करपात्र रक्कम १८,४५० आहे, सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी ९ टक्क्यांनी १,६६०.५० आणि एकूण २१,७७१. शिक्क्याची शाई ८ वर पसरली आणि सॉफ्टवेअरने १३,४५० वाचले, तर बेरीज बरोबर ५,००० ने कमी भरते. आता १,६६०.५० ला ०.०९ ने भागले की १८,४५० येतात. म्हणजे कर आणि एकूण रक्कम एकमेकांशी जुळतात आणि चूक करपात्र रकमेतच आहे. D मध्ये करपात्र रक्कम, E ते G मध्ये सीजीएसटी, एसजीएसटी आणि आयजीएसटी आणि H मध्ये एकूण रक्कम असेल, तर हे सूत्र पुरते:

```
=ABS(SUM(D2:G2)-H2)<=1
```

एक रुपयाची सूट राउंड ऑफसाठी आहे. ती वाढवू नये. एकाच बिलात १८ आणि ५ टक्क्यांचा माल असेल, तर कराची पडताळणी मात्र दरनिहाय करावी लागते.

जीएसटी क्रमांकाची तपासणी त्याच्या रचनेवरून होते. पंधरापैकी पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन, म्हणजे पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर. चौदाव्या जागी सर्वसाधारणपणे Z. त्यामुळे अंकांच्या जागी S दिसला तर तो 5 असावा आणि चौदाव्या जागी 2 दिसला तर तो Z असावा, असे धरता येते. शेवटचे चिन्ह आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. ते जुळवून पाहिल्यास एका चिन्हाची चूक निसटत नाही.

बिल क्रमांक आणि तारीख यांना मात्र बिलात दुसरा आधार नसतो, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे. PN/158 चे PN/153 झाले तरी वरची सगळी सूत्रे बिनतक्रार पास होतात. तेच बिल एकदा मोबाइलवरून आणि एकदा ऑफिसच्या स्कॅनरवरून आले, तर दोन वेगळ्या क्रमांकांनी दोनदा नोंदले जाऊन इनपुट क्रेडिटही दुप्पट दिसते. म्हणून दुबार नोंद शोधताना बिल क्रमांक बाजूला ठेवून जीएसटी क्रमांक, तारीख आणि एकूण रक्कम हे तिन्ही सारखे असलेल्या ओळी काढाव्यात आणि त्यांचे मूळ कागद पाहावेत, कारण एकाच दिवशी सारख्याच रकमेची दोन खरी बिलेही असू शकतात.

त्यानंतर पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या GSTR-2B शी खरेदीची यादी ताडून पाहावी. मासिक GSTR-3B ची मुदत २० तारीख असल्याने हातात जेमतेम आठवडा उरतो. रक्कम आणि पुरवठादार जुळतो पण क्रमांक जुळत नाही, अशा ओळींचे स्कॅन उघडून पाहावेत. कागदावरचा क्रमांक तुमच्या नोंदीसारखाच निघाला, तर चूक पुरवठादाराने भरलेल्या माहितीत आहे आणि फोन त्याला करायचा.