‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या पुढे

“माझ्या सहकाऱ्याची आई गेली. ग्रुपवर सगळ्यांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलंय. मलाही तेवढंच सुचतंय, पण ते फार कोरडं वाटतं. काय लिहू?”

अशाच अडचणीत सापडलेली एक तरुणी माझ्याकडे आली होती. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचे वडील गेले होते. हिने मोबाइलवर लिहून ठेवलं होतं, “आपल्या वडिलांच्या निधनाची वार्ता ऐकून अतीव दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. काही लागल्यास निःसंकोच सांगा.”

मी विचारलं, “एरवी तिला ‘आपण’ म्हणतेस?”

“छे, अगं-तुगं करतो आम्ही.”

म्हणजे पहिल्याच शब्दाला ती परकी झाली होती. मग मी वडिलांबद्दल विचारलं. त्यांना ती कधी भेटलीच नव्हती. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “रोज एक वाजता त्यांचा फोन यायचा. जेवलीस का, एवढंच विचारायचे. ती जिन्यात जाऊन बोलायची, परत यायची ती हसत.”

हे ग्रुपवरच्या दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं.

तिचा दुसरा मसुदा मात्र लांबला. त्यात स्वतःच्या आजोबांचं जाणं आलं, “मी समजू शकते” आलं, “निदान त्रास तरी संपला” हेही आलं. आपलं दुःख मध्ये आणलं की समोरच्यालाच आपली समजूत काढावी लागते. आणि त्रास संपला, हे म्हणायचा हक्क फक्त घरच्यांचा. ती तिन्ही वाक्यं आम्ही काढली. “काही लागल्यास सांग” हेही मला खटकतं, कारण मागायचं काम आपण दुःखात असलेल्यावरच टाकतो. त्या जागी तिला खरोखर जमेल असं एक काम लिहायला सांगितलं.

शेवटी एवढं उरलं:

“बाबा गेल्याचं कळलं. खूप वाईट वाटलं गं. मी त्यांना भेटले नाही, पण एक वाजताच्या फोनवरून परत येतानाचा तुझा चेहरा रोज पाहिलाय. महिनाअखेरचा अहवाल मी पूर्ण करते, तू त्याचा विचार करू नकोस. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.”

हा मेसेज ग्रुपवर टाकू नकोस, तिला एकटीलाच पाठव, असं मी बजावलं. जिन्यातलं बोलणं चारचौघांत मांडायचं नसतं.

तुमच्याकडे अशी आठवण नसेल तर ती रचू नका. घरच्यांना खोटं लगेच कळतं. आईच्या आजारपणात सहकाऱ्याची जी धावपळ तुम्ही पाहिली असेल ती लिहा. तेही पाहिलं नसेल तर “ऐकून वाईट वाटलं, तुझी आठवण येतेय” ही दोन वाक्यं पुरेत, फक्त तुम्ही बोलता त्या भाषेत.

त्या मैत्रिणीचं उत्तर नऊ दिवसांनी आलं: “आजही एक वाजता फोन हातात घेतला होता.” मग दोघी जिन्यात जाऊन बसल्या.