बाजार पडणार म्हणतात, एसआयपी थांबवू का?

प्रश्न: जळगावला असतो. टीव्हीवर रोज भाकितं, ग्रुपवर रोज टिपा. पंधरा वर्षांची एसआयपी थांबवू का?

उत्तर: थांबवू नका, भाऊ. जून 2024 आठवा. एक्झिट पोलच्या भरवशावर 3 तारखेला निफ्टी 23,264 वर बंद झाला, निकालाच्या दिवशी, 4 तारखेला, 21,884 वर आला आणि 7 तारखेला 23,290. भाकीत, घबराट, भरपाई, सगळं एका आठवड्यात! 4 तारखेला विकणाऱ्याची सहा टक्क्यांची चढण हुकली. बातमीनं कंपनीची कमाई किंवा तुमची पैशांची गरज बदलली, तरच हात लावा.

टिपेचं मात्र वेगळं. कंपनीची घोषणा बीएसईच्या साइटवर शोधा. तिथं काहीच नाही, तरी छोट्या शेअरला रोज अप्पर सर्किट लागत असेल, म्हणजे भाव दिवसाच्या कमाल मर्यादेला जाऊन अडत असेल, तर बहुधा कुणाला तरी आपला माल तुमच्या गळ्यात मारायचाय.