सोळा सरली तरी पाळी नाही

"माझी मुलगी मागच्या महिन्यात सोळा वर्षांची झाली. अजून पाळी आलेली नाही. छातीची वाढ झाली आहे, पोटातही कधी दुखत नाही. सगळे म्हणतात, येईल उशिरा. थांबू की गोळ्या सुरू करू?"

थांबू नका, आणि तपासणीआधी गोळ्याही नकोत. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला 'पाळी आणायच्या' गोळ्या तीनदा दिल्या गेल्या होत्या. तिन्ही वेळा रक्तस्राव झाला नाही आणि मुलगी स्वतःलाच दोष देऊ लागली. तिची सोनोग्राफी तोवर कुणीच केली नव्हती.

छाती वाढते ती अंडाशयातल्या इस्ट्रोजेनमुळे. त्या मुलीचीही छाती वाढलेली होती, म्हणजे तिची अंडाशयं काम करत होती. ती वाढच झाली नसती तर शोध अंडाशयाकडे किंवा मेंदूकडे वळला असता. तेव्हा एफएसएच हे संप्रेरक वाट दाखवतं. ते जास्त असेल तर दोष अंडाशयात. टर्नर सिंड्रोममध्ये, म्हणजे एक एक्स गुणसूत्र कमी असताना, असं होतं आणि त्या मुली बहुधा बुटक्या असतात. ते कमी असेल तर मेंदूकडून संदेश येत नाही. त्यामागे फार घटलेलं वजन, अति व्यायाम किंवा नुसती उशिरा वयात येण्याची घराण्यातली सवयही असू शकते. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरकं मात्र सगळ्यांचंच तपासतात.

छाती वाढलेली असताना दर महिन्याला पोट दुखत असेल, तर वाट बंद असल्यामुळे रक्त आत साचत असू शकतं. यावर लवकर उपाय करावा लागतो. या मुलीला दुखत नव्हतं.

भरल्या लघवीने पोटावरून सोनोग्राफी झाली. आतून तपासणीची गरज पडली नाही. अंडाशयं होती, गर्भपिशवी दिसली नाही. लहान गर्भपिशवी सोनोग्राफीत निसटू शकते, म्हणून एमआरआय केला. गुणसूत्रं ४६, एक्सएक्स, म्हणजे मुलींची नेहमीचीच निघाली. ती एक्सवाय असती आणि काखेत केस जवळपास नसते, तर निदान वेगळं झालं असतं. हिचं निदान एमआरकेएच. यात गर्भपिशवी आणि योनीचा वरचा भाग जन्मतःच तयार झालेला नसतो. साधारण ४,५०० ते ५,००० मुलींमागे एकीला हे असतं. सोबत मूत्रपिंडही पाहतात, तिला ते एकच होतं.

आईने मला बाजूला घेऊन विनवलं, "तिला सांगू नका." मी मुलीला सांगितलं, आई समोर असतानाच. लपवलेली गोष्ट पुढे कधीतरी एखाद्या रिपोर्टातून कळते, आणि तेव्हा विश्वासच तुटतो. योनी लहान असली तरी डायलेटर नावाच्या गुळगुळीत दांडीने ती हळूहळू लांबवता येते, शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. पण ते कधी करायचं, करायचं की नाही, हे तिने ठरवायचं. त्याची घाई नसते. अंडाशयात बीजं आहेत, त्यामुळे सरोगसीने स्वतःच्या बीजाचं मूल होऊ शकतं. मात्र त्याचे नियम देशागणिक बदलतात.

तिचा पहिला प्रश्न मुलाबाळांचा नव्हताच. तिने विचारलं, "मैत्रिणीने पॅड मागितलं तर काय सांगू?" त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. शेवटी तिनेच ठरवलं, दप्तरात एक ठेवायचं, देण्यासाठी.